कुमारी की तरुणी: एका धड्याचा शेवट

धडा परत आला तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली एकच ओळ होती: ‘शेवटी दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, असं दाखवावं.’ बाकीच्या पानांवर खूण नाही, दुरुस्ती नाही. धडा अनुवाद शिकणाऱ्या मुलांसाठी लिहिला होता. धर्मग्रंथातल्या एका वादग्रस्त शब्दाचं भाषांतर कसं करावं, यावर दोन अभ्यासकांचा संवाद. मागणारे ओळखीचे आणि त्यांचा हेतूही चांगला, की वर्गात कुणाचं मन दुखावू नये. तरी ती सूचना मी पाळली नाही. का पाळली नाही, हे नुसतं तत्त्व सांगून पटणार नाही. तो शब्दच उलगडून दाखवावा लागेल.

शब्द आहे ‘अल्मा’. हिब्रू बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात तो येतो. आपल्याकडच्या प्रचलित ‘पवित्र शास्त्रा’त तिथे ‘कुमारी’ छापलेलं आहे. कुमारी गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल आणि त्याचं नाव इम्मानुएल ठेवील, असं ते वचन. नाताळच्या दिवसांत ते चर्चमध्ये वाचतात, कारण नव्या करारात मत्तयानं येशूच्या जन्माची गोष्ट सांगताना तेच वचन पुढे ठेवलं आहे. वाद इतकाच की यशयानं ‘कुमारी’ म्हटलं होतं की ‘तरुणी’.

संवादातली दोन्ही माणसं मी घडवली. बाई नाशिकरोडला संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, उतारवयात हिब्रू शिकलेल्या. पाळकसाहेब नाशिकातल्याच शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरातले, ग्रीक पक्कं असलेले. गप्पा होतात त्या शरणपुरातच. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीचं नाव आज बहुतेकांच्या तोंडी रस्त्याचं नाव म्हणूनच उरलं आहे. दोघांची ओळख जुनी आहे, म्हणून भांडण मोकळं होतं. मला तसंच हवं होतं. नवख्या माणसांचा वाद सभ्यपणातच संपून जातो.

धड्याची सुरुवात मी शब्दकोशापासून केली नाही, प्रसंगापासून केली. ख्रिस्तपूर्व ७३४च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमात आहाज राजा घाबरून बसला आहे, कारण उत्तरेकडचे दोन राजे, अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह, त्याच्यावर चालून आले आहेत. संदेष्टा यशया त्याला म्हणतो, घाबरू नकोस, देवाकडे चिन्ह माग. आहाज मागत नाही. तेव्हा यशया म्हणतो, मग देव स्वतःच चिन्ह देईल, आणि पुढे ते प्रसिद्ध वचन येतं. पण वाचणारे बहुतेक तिथेच थांबतात. सोळावं वचन सांगतं की त्या मुलाला बरं-वाईट कळू लागण्याआधीच तुला ज्यांची भीती वाटते त्या दोन राजांचे देश ओसाड पडतील. आणि घडलं तसंच. ख्रिस्तपूर्व ७३२मध्ये अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरनं दमास्कस जिंकलं. आहाजच्या दृष्टीनं ते मूल म्हणजे मुदत मोजण्याचं माप होतं. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात ना, ‘धाकटा रांगत होता त्या वर्षी पूर आला’, तसंच. फरक एवढाच की यशया पुढच्या काळाचं सांगत होता.

इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. मग सुरू होतं ते असं:

बाई: साहेब, हिब्रू बायबलमध्ये ‘अल्मा’ हा शब्द बायकांबद्दल सातच ठिकाणी आलाय. विहिरीवर पाण्याला आलेली रिबका ‘अल्मा’ आहे. बाळ मोशेवर नजर ठेवणारी त्याची बहीण ‘अल्मा’ आहे. स्तोत्रांमध्ये डफ वाजवणाऱ्या पोरी आहेत. सगळीकडे वयात आलेली मुलगी एवढाच अर्थ लागतो. आणि त्याच शब्दाचं पुल्लिंगी रूप बघा, ‘एलेम’. शौल राजा दावीदाबद्दल विचारतो, हा ‘एलेम’ कुणाचा मुलगा? तिथे तुम्ही ‘हा ब्रह्मचारी कुणाचा’ असं भाषांतर कराल का? तरुण आणि तरुणी, तशी ही जोडी आहे.

पाळकसाहेब: जोडीच हवी असेल तर कुमार-कुमारी ही जोडीही आहेच की, बाई.

बाई: आहे ना. पण कुमाराचं कौमार्य कुणी विचारत नाही. कुमारीचं विचारतात.

इथे मुलं थोडी थांबतात, आणि थांबावीतच. पण बाईंचं हे बोलणं टाळ्यांवर सोडून दिलं तर धडा तिथेच एकांगी झाला असता. म्हणून पुढचा सगळा भाग मी पाळकसाहेबांना दिला, आणि लिहिताना सर्वात जास्त कष्ट त्यांच्याच बाजूवर घेतले. आपल्या शास्त्रांच्या परंपरेत पूर्वपक्ष नावाची गोष्ट आहे. ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं आधी मांडायचं, आणि तेही असं की तो स्वतः येऊन म्हणेल, होय, मला हेच म्हणायचं होतं. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणं ही शास्त्रार्थातली लबाडी मानली जाई.

पाळकसाहेबांचा पहिला मुद्दा बाईंच्या सर्वात आवडत्या युक्तिवादावर पडतो. बाई म्हणतात, अक्षतयोनी कुमारीसाठी हिब्रूत ‘बेतूला’ असा वेगळा शब्द आहे, यशयाला तेच म्हणायचं असतं तर त्यानं तोच वापरला असता. हा युक्तिवाद फार ऐकू येतो आणि वरवर बिनतोड वाटतो. पण पाळकसाहेब योएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडतात. तिथे एक ‘बेतूला’ आपल्या तरुणपणीच्या पतीसाठी गोणपाट नेसून शोक करते आहे. मग ती कुमारी कशी? मग ते उत्पत्तीच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढतात. तिथे रिबकाला ‘बेतूला’ म्हटल्यावर लिहिणारा लगेच पुढे जोडतो, ‘तिला कोणी पुरुषानं स्पर्श केला नव्हता’. शब्दातच तो अर्थ गच्च भरलेला असता, तर हे शेपूट जोडायची गरज काय होती?

बाईंना हे मान्य करावं लागतं, आणि धड्यात त्या मान्य करतात. ‘बेतूला’चा मुद्दा मागे घेतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाजूचं पारडं शेवटी जड ठरणार आहे, तिच्याही हातात एखादं खोटं नाणं असतं, आणि ते तिनंच बाजूला काढून ठेवावं लागतं.

मुलांना मी इथे एक काम दिलं आहे. उत्पत्तीच्या त्या एकाच चोविसाव्या अध्यायात रिबकेसाठी तीन शब्द आले आहेत: ‘नआरा’, ‘बेतूला’ आणि ‘अल्मा’. तिघांना तीन वेगळे मराठी शब्द द्या, आणि एकदा दिलेला शब्द अध्यायभर बदलू नका. मुलगी, पोर, कन्या, कुमारी, तरुणी, युवती एवढं सामान आपल्याकडे आहे. पहिल्यांदा सगळ्यांना सोपं वाटतं. मग ‘मुलगी’ लिहिलं की ती ‘कुणाची मुलगी’ अशी लेक होऊन बसते, ‘कन्या’ लिहिलं की राशीभविष्य आठवतं, आणि ‘युवती’ विहिरीवर घागर घेऊन येईना, ती महाविद्यालयातच जाऊन बसते. अर्धा तास ही झटापट केल्यावर मुलांना कळतं की हिब्रूतल्या शब्दांच्या हद्दी आणि आपल्या शब्दांच्या हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. व्याख्यान देऊन हे पटवता येत नाही.

पाळकसाहेबांचा दुसरा मुद्दा अधिक भारी आहे. येशूच्या जन्माच्या बरंच आधी, यशयाचं पुस्तक ज्यूंनी स्वतःच ग्रीकमध्ये आणलं. त्या जुन्या ग्रीक भाषांतराला सेप्टुअजिंट म्हणतात. तिथे यशयाच्या या वचनात ‘अल्मा’ला ‘पार्थेनोस’ हा प्रतिशब्द आहे. पार्थेनोस म्हणजे कुमारी. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या नावात तोच शब्द आहे. आपण जिला कन्या रास म्हणतो तिचं ग्रीक नावही तेच. त्या भाषांतरकारांना ख्रिस्ती सिद्धांताशी काही देणंघेणं नव्हतं, कारण तेव्हा ख्रिस्ती धर्मच नव्हता. मग त्यांनी साधा ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द का नाही घेतला? पुढे ख्रिस्ती लोकांशी वाद पेटल्यावर अक्विला, सिम्माखस आणि थिओडोशन यांनी नवी ग्रीक भाषांतरं केली, त्यांत मात्र ‘नेआनिस’ आलं. तेव्हा शब्द कुणी बदलला, बाई? असं पाळकसाहेब विचारतात, आणि माझ्या मते त्या क्षणी वाचणारा त्यांच्या बाजूला झुकला पाहिजे. मी तसं झुकावं म्हणूनच लिहिलं आहे.

बाईंचं उत्तर त्याच ग्रीक भाषांतरातून येतं. उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात शखेमानं दीनाला भ्रष्ट केलं, आणि त्याच्या लगेच पुढच्या वचनात ग्रीक भाषांतरकार तिला दोनदा ‘पार्थेनोस’ म्हणतो. म्हणजे त्या भाषांतरकारांच्या ग्रीकमध्ये हा शब्द आपल्याला वाटतो तेवढा काटेकोर नव्हता. शिवाय ग्रीक वाक्य भविष्यकाळी आहे. आज जी कुमारी आहे ती पुढे गर्भवती होईल, एवढंच ते सांगतं, आणि एवढं तर प्रत्येक नवरीबद्दल खरं असतं. उलट हिब्रूत ‘हारा’ हे विशेषण आहे, म्हणजे ‘गर्भवती’. उत्पत्तीतच अब्राहामाची दासी हागार हिला देवदूत भेटतो तेव्हा ती आधीच गरोदर असते, आणि तिथेही जवळजवळ हीच रचना आहे: पाहा, गर्भवती, पुत्राला जन्म देशील. म्हणजे यशया बोलत होता तेव्हा त्या स्त्रीला कदाचित दिवस गेलेलेच होते. चमत्कार सांगायचा असता, तर ज्या शब्दावर तो उभा राहायचा तो शब्दच यशयानं ढिला ठेवला असता का?

पाळकसाहेब यावरही गप्प बसत नाहीत. ‘पाताळाइतकं खोल किंवा आकाशाइतकं उंच’ चिन्ह माग, असं यशया आहाजला म्हणाला होता. मग एखादी तरुणी बाळंत होणं यात चिन्ह ते काय? बाई म्हणतात, चिन्ह बाळंतपणात नाही, नावात आणि मुदतीत आहे. राजधानीला वेढा पडण्याची भीती असताना एक बाई आपल्या मुलाचं नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्याजवळ आहे’, असं ठेवते, आणि ते मूल मोठं व्हायच्या आत शत्रू संपतो. मला हे उत्तर पटतं, पण ते शेवटचं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. धड्यातही पाळकसाहेब ‘हं’ एवढंच म्हणतात.

एका मोहाबद्दल इथे थोडं बोलायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यात अडकतात. तो मोह म्हणजे व्युत्पत्ती. चौथ्या-पाचव्या शतकातला थोर भाषांतरकार जेरोम म्हणायचा की ‘अल्मा’ हा शब्द ‘लपवणे’ या धातूवरून आला, म्हणून अल्मा म्हणजे परपुरुषाच्या नजरेपासून झाकून ठेवलेली मुलगी, म्हणजे कुमारी. ऐकायला फार सुंदर वाटतं. पण हिब्रूच्या ‘आयिन’ या एका अक्षरात दोन वेगळे जुने उच्चार एकत्र झाले आहेत. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९पासून सापडलेल्या उगारिती भाषेच्या मातीच्या पाट्यांवर ते दोन्ही वेगळे लिहिलेले आहेत. तिथे मुलीसाठी येणारा ‘ग्लम्त’ हा शब्द दुसऱ्याच उच्चाराचा आहे, त्याचा लपवण्याशी संबंध दिसत नाही. आणि समजा संबंध असता, तरी काय? लक्ष्मणानं शूर्पणखेची नासिका छेदली म्हणून नाशिक, ही कथा आपण सगळे सांगतो. पण पंचवटीतल्या रिक्षावाल्याला ‘नाशिक’ म्हणताना नाक आठवत नाही. शब्द कुठून निघाला यावरून तो आज कुठे राहतो हे ठरत नाही. उगारिती पाट्यांवर चंद्रदेवाच्या लग्नाच्या कवितेत ‘पाहा, तरुणी पुत्राला जन्म देते’ अशा अर्थाची ओळ सापडते, तिचा उपयोग व्युत्पत्तीपेक्षा जास्त आहे. मूल होण्याची शुभवार्ता सांगण्याची ही त्या प्रदेशातली जुनी बोलण्याची पद्धत होती, असं तिच्यावरून दिसतं.

आता मराठीकडे येतो. हा भाग बाहेरच्या कुठल्याही धड्यात मिळणार नाही, म्हणून मी त्यावर सर्वात जास्त पानं खर्च केली.

पाळकसाहेब एक फार समंजस सूचना करतात. बाई, ते म्हणतात, मराठी ‘कुमारी’ मुळात संदिग्धच आहे. शाळेच्या हजेरीपटात मुलीच्या नावाआधी ‘कु.’ लिहितात, तेव्हा आपण फक्त अविवाहित एवढंच म्हणतो. नवरात्रात कुमारिका जेवायला बोलावतो, तेव्हा न्हाण न आलेली लहान पोर एवढंच मनात असतं. मग ‘कुमारी’च राहू द्या. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घेईल. तुमचंही राहील, माझंही राहील.

शेवटच्या पानावरच्या पेन्सिलीला हेच हवं होतं. आणि इथेच बाईंचं माझ्या मते बिनतोड उत्तर येतं.

बाई: साहेब, संदिग्धतेलाही दिशा असते. ‘कुमारी’ कुठल्या शब्दाशेजारी बसवलीय ते बघा. ‘कुमारी आली’ म्हटलं तर काही बिघडत नाही. ‘कुमारी गर्भवती’ म्हटलं की मराठी कान दोनच गोष्टी ऐकतो. एक तर चमत्कार, नाही तर कलंक. वर्तमानपत्रात ‘कुमारी माता’ हा शब्द कुणासाठी येतो? फसवून सोडून दिलेल्या पोरींसाठी. हिब्रू वाक्यात यातलं काहीच नाही. तिथे ती राजाची राणी असेल, संदेष्ट्याची बायको असेल, समोर उभी असलेली कुणी असेल. लग्न झालंय की नाही हे वाक्य सांगतच नाही. तुमचा मराठी शब्द मात्र तिला लग्नाआधीच गरोदर करून ठेवतो, आणि मग त्या लाजेतून तिला सोडवायला चमत्कार आणावाच लागतो.

पाळकसाहेब: मग तुमच्या संस्कृतात तरी काय आहे? कुंतीला सूर्यापासून कर्ण झाला, तरी ती कन्याच. अहल्या, द्रौपदी, तारा, मंदोदरी, सगळ्या लग्न झालेल्या, आणि सकाळी उठून स्मरायच्या त्या पंचकन्या म्हणून. ‘कन्या’ चालेल तुम्हाला?

बाई: तुम्ही माझ्याच अंगणात आलात म्हणून सांगते. कन्येच्या मुलाला संस्कृतात ‘कानीन’ असा रीतसर शब्द आहे, पाणिनीनं त्याच्यासाठी सूत्र केलंय. व्यास कानीन, कर्ण कानीन. म्हणजे कन्येला मूल होऊ शकतं हे भाषेनं गृहीत धरलेलं होतं. अर्थाच्या दृष्टीनं ‘कन्या’ मला ‘अल्मा’च्या सगळ्यांत जवळची वाटते. पण आजच्या मराठीत कन्या म्हणजे ‘अमुकची लेक’. तो शब्द आपल्या हातून गेला, साहेब.

मग उरतो ‘तरुणी’. तो निर्दोष आहे असं बाई म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. ‘तरुणी’ला बातमीचा वास आहे. ती दुचाकीवरून जाते, परीक्षा देते, अपघातात जखमी होते. प्राचीन यरुशलेमातली चौदा-पंधरा वर्षांची पोर ‘तरुणी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे उभी राहत नाही. पण हे दोष सुराचे आहेत. ‘कुमारी’चा दोष वाक्याच्या अर्थातच शिरतो. सूर थोडा बिघडला तर वाचणारा सांभाळून घेतो. अर्थ बदलला तर आपण काय गमावलं हे त्याला कधी कळणारच नाही. भाषांतर करणाऱ्यानं या दोन नुकसानांना एकाच तागडीत टाकू नये.

म्हणून माझं मत धड्यात स्पष्ट आहे: यशयात ‘तरुणी’, मत्तयात ‘कुमारी’. मत्तय ग्रीकमध्ये लिहितो, ‘पार्थेनोस’ लिहितो, आणि योसेफाशी संबंध येण्याआधीच मरिया गर्भवती होती हे आपल्या शब्दांत आधीच सांगून ठेवतो. त्याला काय म्हणायचं आहे याबद्दल शंका नाही. तिथे ‘तरुणी’ छापणं ही तेवढीच मोठी चूक ठरेल. नव्या करारातला दुसरा चरित्रकार लूकही मरियेच्या तोंडी ‘मला पुरुष ठाऊक नाही’ असं घालतो, आणि तो यशयाचा आधार घेतच नाही. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा हा भाग यशयातल्या एका शब्दावर टांगलेला नाही. ही गोष्ट मी पाळकसाहेबांच्या तोंडी घातली, कारण ती त्यांच्याच घरातली आहे. बाईंनी सांगितली असती तर ती समजूत काढल्यासारखी वाटली असती.

याला हरकत घेणारे म्हणतात, सामान्य भाविकाला यशयात एक आणि मत्तयात दुसरा शब्द दिसला तर तो गोंधळेल. अमेरिकेत १९५२ साली ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड’ बायबलनं यशयात ‘तरुणी’ छापलं, तेव्हा नुसता गोंधळ नाही, संताप झाला. उत्तर कॅरोलिनातल्या एका पाळकानं ते पान लोकांसमोर जाळलं. मी ही घटना धड्यात ठेवली आहे आणि तिच्यावर एकही शेरा मारलेला नाही. तेच २०११मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी मान्य केलेल्या सुधारित बायबलमध्ये यशयात ‘तरुणी’ आलं. दोन पानांवर दोन शब्द असणं ही भाषांतरकाराची गफलत नाही. यशयापासून मत्तयापर्यंत सात-आठशे वर्षं गेली, भाषा बदलली, वाचणारे बदलले. त्या प्रवासाची खूण मूळ ग्रंथांतच आहे. दोन्हीकडे एकच मराठी शब्द घालून आपण ती पुसतो, आणि मग भाविकाला वाटतं की काही घडलंच नव्हतं. त्याला गोंधळापासून वाचवायचं म्हणून हे करायचं, तर त्याच्या समजेवर आपला विश्वास नाही असंच ठरतं.

आता पुन्हा पेन्सिलीच्या ओळीकडे. ‘दोघांचंही बरोबर’ हे वाक्य नम्र दिसतं, पण या धड्यात ते खोटं ठरलं असतं. या वादात एक प्रश्न नाही, तीन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. ‘अल्मा’ या शब्दात कौमार्याची अट आहे का? याचं उत्तर मिळतं, आणि ते ‘नाही’ असं आहे. ती अल्मा नेमकी कोण? याचं उत्तर मिळत नाही. आहाजची राणी म्हणावी, तर तिचा मुलगा हिज्कीया राजांच्या दुसऱ्या पुस्तकातल्या वर्षांच्या हिशोबानं त्या वेळी जन्मून मोठाही झालेला होता. यशयाची बायको म्हणावी, तर तिला आधीच चालता-फिरता मुलगा आहे आणि पुढच्याच अध्यायात ती ‘संदेष्ट्री’ म्हणून वेगळी येते. तिसरा प्रश्न, त्या वचनात येशूच्या जन्माची चाहूल वाचावी का? तो प्रश्न श्रद्धेचा आहे. शब्दकोश त्यात साक्षीदार होऊ शकत नाही, न्यायाधीश तर नाहीच. पहिल्या प्रश्नावर बाईंचं बरोबर आहे. दुसऱ्यावर दोघांनाही माहीत नाही. तिसऱ्यावर पाळकसाहेबांचा अधिकार बाईंना हिरावून घेता येत नाही. हे सगळं एका ‘दोघांचंही बरोबर’मध्ये कोंबलं, तर मुलं एवढंच शिकतील की भाषांतर म्हणजे ज्याची त्याची आवड. मग हिब्रू, ग्रीक शिकायची तसदी कुणी घ्यावी?

पण मलाही एक भीती होती, आणि तिचं कारण याच शब्दाच्या इतिहासात आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानानं त्रिफो नावाच्या ज्यू माणसाशी झालेला संवाद लिहून ठेवला. त्यात याच वचनावर वाद आहे. त्रिफो म्हणतो, शब्द ‘नेआनिस’ आहे आणि वचन हिज्कीयाबद्दल आहे. मुद्दा चांगला आहे. पण लेखणी जस्टिनच्या हातात. त्रिफो किती बोलणार, कुठे थांबणार, हे सगळं जस्टिन ठरवणार. अठराशे वर्षांनी मी शरणपुरातल्या काल्पनिक पाळकसाहेबांना तसंच वागवत नव्हतो कशावरून? माझ्या मतानं बाई जिंकतात, आणि बाईंना मीच लिहिलं आहे.

म्हणून शेवटची दोन पानं मी लिहिली नाहीत. शरणपूरच्या एका जाणत्या पाळकांकडे पूर्ण धडा नेऊन दिला आणि म्हटलं, साहेबांचं शेवटचं बोलणं तुम्ही लिहा, मी अक्षर बदलणार नाही. त्यांनी तीन आठवडे ठेवून घेतला. मधल्या पानांवरच्या साहेबांच्या चार वाक्यांवर त्यांनी काट मारली होती. ‘असं आमच्यातलं कुणी बोलणार नाही’ असं समासात लिहिलं होतं, आणि चारही ठिकाणी त्यांचं खरं होतं. तिथे मी साहेबांना गरजेपेक्षा लवकर हार मानायला लावली होती. ती वाक्यं मी पुन्हा लिहिली. त्यांनी लिहून दिलेला शेवट आता धड्यात आहे. पेन्सिलीच्या ओळीखाली मी एवढंच लिहिलं, ‘हा शेवट बदलता येणार नाही, तो माझा नाही’, आणि धडा पुन्हा पाठवला. तो शेवट असा:

पाळकसाहेब: बाई, यशयात ‘तरुणी’ छापा. मी चर्चमध्ये तेच वाचीन. मग मत्तयाचं पान उघडीन आणि ‘कुमारी’ वाचीन. मधे थोडा थांबेन. लोकांनी विचारलं तर सांगीन की मधल्या शांततेत सातशे वर्षं आहेत, आणि मला त्या सातशे वर्षांतही देव दिसतो. तुम्हाला नसेल दिसत. पण एक अट आहे.

बाई: सांगा.

पाळकसाहेब: यशयाच्या पानावरची तळटीप मी लिहिणार.

बाई: लिहा. छापायच्या आधी दाखवा मात्र.